आराखड्यातील वाक्य खोटे ठरू शकले पाहिजे

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये ‘राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम’ जाहीर केला. हवेतील पीएम १० आणि पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण २०१७ या वर्षाच्या तुलनेत २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे, असे त्याचे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट तुटपुंजे आहे आणि त्यामागे कायद्याचे बळ नाही, ही त्यावरील टीका रास्तच होती. तरीही त्या वाक्यात एक गुण होता. काय कमी करायचे, कोणत्या वर्षाच्या तुलनेत, किती आणि केव्हापर्यंत, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात होती.

पुढे हे उद्दिष्ट बदलले. २०२५-२६ पर्यंत पीएम १० मध्ये ४० टक्के घट करायची किंवा राष्ट्रीय मानक गाठायचे, असे ठरले. शहरांना मिळणारा निधीही पीएम १० च्या आकड्याशी जोडला गेला. पीएम २.५ हे कण अधिक बारीक असतात, ते फुप्फुसात खोलवर जातात आणि प्रकृतीला अधिक घातक असतात. परंतु कामगिरीच्या मोजमापातून ते बाजूला पडले. हा बदल योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येतो. पण असा वाद घालता येतो, तो केवळ मूळ वाक्य स्पष्ट होते म्हणून. ‘हवेच्या गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा घडवून आणली जाईल’ एवढेच तेव्हा लिहिले असते, तर काय गाळले गेले हे कोणालाही दाखवून देता आले नसते.

या कार्यक्रमाखाली देशातील सव्वाशेहून अधिक शहरांनी आपापले आराखडे तयार केले आहेत. अशा आराखड्यांचे मसुदे गेली काही वर्षे मी वाचत आलो आहे. दिल्लीत लिहिलेल्या वाक्यातील स्पष्टता शहरापर्यंत पोहोचता पोहोचता विरून जाते, असा माझा अनुभव आहे. गंगेच्या मैदानातील एका मध्यम शहराच्या मसुद्यातील मजकूर येथे घेतो. शहराचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच वाक्ये इतरत्रही आढळतात. पुढे शहरापुरते जे आकडे येतील, ते पद्धत समजावी म्हणून उदाहरणादाखल घेतले आहेत.

मजकूर असा: ‘शहराची हवा जागतिक दर्जाची करण्यासाठी सर्व भागधारकांच्या समन्वयातून एकात्मिक व तंत्रज्ञानाधिष्ठित उपाययोजना युद्धपातळीवर राबविल्या जातील. हवेच्या प्रदूषणात ४० टक्के घट साधली जाईल. अत्याधुनिक यांत्रिक झाडूयंत्रांद्वारे रस्त्यांवरील धुळीवर प्रभावी नियंत्रण ठेवले जाईल. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांवर कठोर कारवाई केली जाईल.’

वाक्ये चार आहेत. पाच वर्षांनी यांपैकी कोणते वाक्य खरे ठरले आणि कोणते खोटे, हे सांगता येईल का? चारही वाक्यांबाबत उत्तर नकारार्थी आहे.

शब्द गाळल्यावर काय उरते

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. एखादा शब्द निव्वळ शोभेचा आहे की नाही, हे ठरवण्याची सोपी कसोटी म्हणजे त्याचा विरुद्धार्थ लिहून पाहणे. ‘विस्कळीत उपाययोजना संथपणे राबविल्या जातील’ असे कोणतीही महापालिका लिहिणार नाही. ज्या शब्दाचा विरुद्धार्थ लिहिणे कोणाच्याही मनात येणार नाही, तो शब्द काहीच सांगत नसतो. ‘एकात्मिक’, ‘तंत्रज्ञानाधिष्ठित’ आणि ‘युद्धपातळीवर’ हे शब्द या कसोटीवर गळून पडतात आणि वाक्याचा अर्थ जराही कमी होत नाही.

‘जागतिक दर्जा’ याची गोष्ट वेगळी आहे, कारण हवेसाठी असा एक दर्जा खरोखरच अस्तित्वात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. भारताचे २००९ चे मानक ४० आहे. मसुदा लिहिणाऱ्याला ५ हा आकडा अभिप्रेत असेल, तर ते वचन पाच वर्षांत पाळले जाणे अशक्य आहे; आणि तो अभिप्रेत नसेल, तर हे शब्द दिशाभूल करणारे आहेत. दोन्ही परिस्थितींत ते गाळलेलेच बरे.

आता उरतो तो ‘सर्व भागधारकांच्या समन्वयातून’ हा शब्दप्रयोग. संपादकाचे खरे काम येथे सुरू होते. रस्त्याकडेच्या कच्च्या पट्ट्यांवरून वाहने गेली की धूळ उडते. हे पट्टे फरसबंद करावेत किंवा त्यांवर गवत लावावे, हा उपाय जवळपास प्रत्येक शहराच्या आराखड्यात असतो. परंतु शहरातील काही रस्ते महापालिकेचे, काही राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि काही राष्ट्रीय महामार्गाचे असतात. राज्याच्या रस्त्याकडेची पट्टी कोणाच्या पैशातून बांधायची आणि पुढे तिची देखभाल कोणी करायची, हे बैठकीत ठरलेले नसते. ठरलेले नसते म्हणूनच इतिवृत्तात ‘समन्वय’ हा शब्द येतो आणि तेथून तो आराखड्यात उतरतो.

संदिग्ध शब्द हा पुष्कळदा भाषेचा दोष नसतोच. न घेतलेल्या निर्णयावर घातलेले ते पांघरूण असते. ते दूर केले की खाली रिकामी जागा दिसते, आणि ती रिकामी जागा भरण्याचा अधिकार संपादकाला नाही. ‘विभागाने १२ किलोमीटर, पालिकेने २० किलोमीटर’ असे नीटनेटके वाक्य त्याने आपल्या मनाने लिहिले, तर मसुदा वाचायला सुबक होईल, पण खोटा होईल. त्याने समासात प्रश्न लिहून मसुदा परत पाठवायचा असतो: कोणते रस्ते, कोणाचा निधी, देखभाल कोणाकडे? उत्तर आले तर वाक्य लिहावे. नाही आले, तर ‘राज्याच्या ताब्यातील रस्त्यांबाबत निर्णय झालेला नाही, तो अमुक तारखेपर्यंत आयुक्त आणि अधीक्षक अभियंता यांनी घ्यावयाचा आहे’ असे लिहावे. अपुरे असले तरी हे वाक्य तपासता येते.

चाळीस टक्के, पण कशाचे?

दुसऱ्या वाक्यात आकडा आहे, त्यामुळे ते तपासता येण्याजोगे वाटते. याच कारणाने ते पहिल्या वाक्यापेक्षा अधिक फसवे आहे.

‘प्रदूषण’ म्हणजे नेमके काय, हा पहिला प्रश्न. पीएम १० असे गृहीत धरू. घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत, हा दुसरा प्रश्न. टाळेबंदीच्या २०२० या वर्षाशी तुलना केली तर सारे प्रयत्न वाया गेल्यासारखे दिसेल. भरपूर धुळीच्या एखाद्या वर्षाशी केली तर काहीही न करता यश पदरी पडेल. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: मोजमाप कोणत्या केंद्रांवरचे?

समजा, पायाभूत वर्षात शहरात पाच मोजणी केंद्रे होती आणि त्यांची वार्षिक सरासरी १८० होती. त्यानंतर तीन नवी केंद्रे झाडी असलेल्या, तुलनेने स्वच्छ वस्तीत उभारली गेली आणि तेथील सरासरी १२० भरली. आता आठ केंद्रांची सरासरी काढली, तर ती १५७.५ येते. म्हणजे हवा तसूभरही न सुधारता कागदावर साडेबारा टक्के घट झाली. यात कोणी लबाडी केलेली असेलच असे नाही. नवी केंद्रे उभारणे हे चांगलेच काम आहे. दोष वाक्याचा आहे, कारण कोणती केंद्रे मोजायची हे त्याने सांगितलेले नाही.

मोजणीच्या दिवसांचेही असेच आहे. माणसे नमुने गोळा करतात त्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षात किमान १०४ वेळा मोजणी झाली तरच वार्षिक सरासरी ग्राह्य धरावी, असे राष्ट्रीय मानकातच म्हटले आहे. डिसेंबर-जानेवारीत यंत्र बंद राहिले आणि पावसाळ्यात नियमित चालले, तर सरासरी आपोआप खाली येते. उत्तर भारतात हिवाळ्यातली आणि पावसाळ्यातली हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

या सर्व प्रश्नांची उत्तरे विभागाकडून मिळाल्यावर ते वाक्य असे झाले: ‘२०१७-१८ मध्ये कार्यरत असलेल्या पाच केंद्रांवरील पीएम १० ची वार्षिक सरासरी प्रति घनमीटर १८० मायक्रोग्रॅम होती. त्याच पाच केंद्रांवर २०२५-२६ मध्ये ती १०८ किंवा त्याहून कमी असेल. राष्ट्रीय मानक ६० आहे. एखाद्या केंद्रावर वर्षात १०४ पेक्षा कमी वेळा मोजणी झाली, किंवा कोणत्याही ऋतूत सलग महिनाभर खंड पडला, तर त्या वर्षाचा निकाल अनिर्णित समजला जाईल.’

एका वाक्याची चार वाक्ये झाली. संपादन म्हणजे काटछाट, हा समज येथे टिकत नाही. पण आता वाचकाच्या ध्यानात एक गोष्ट येते, जी ‘४० टक्के घट’ या शब्दांत लपून राहिली होती. उद्दिष्ट पूर्ण झाले, तरी शहराची हवा राष्ट्रीय मानकाच्या जवळपास पावणेदोन पट वाईट असेल. टक्केवारी कोणी कितीही अभिमानाने सांगो, १०८ आणि ६० हे आकडे शेजारी ठेवले की नागरिकाला आपली स्थिती कळते.

यंत्र फिरले, की रस्ता झाडला गेला?

तिसऱ्या वाक्यातील ‘अत्याधुनिक’ आणि ‘प्रभावी’ हे शब्द गाळणे सोपे आहे. यंत्रे किती, रोज किती किलोमीटर, कोणते रस्ते, हे आकडे पालिकेकडे असतातच, कारण निविदा त्यांवरच निघते. म्हणून ‘चार यंत्रे रोज रात्री मिळून १२० किलोमीटर रस्ता झाडतील’ असे वाक्य चटकन तयार होते. ते तपासता येते. यंत्रावर बसवलेल्या जीपीएसची नोंद पाहिली की झाले.

तरीही येथे थांबू नये. यंत्र रस्त्यावरून गेले, एवढेच जीपीएस सांगते. त्याचे ब्रश फिरत होते का, हे सांगत नाही. गोळा झालेली माती वजनकाट्यावर मोजली आणि ती कोठे टाकली याची नोंद ठेवली, तर झाडलोट झाली हे कळते. आणि झाडल्यानंतर रस्ता खरोखर स्वच्छ झाला का, हे कळण्यासाठी ठरावीक ठिकाणी एका चौरस मीटरवर किती ग्रॅम बारीक माती उरली, हे आधी आणि नंतर मोजावे लागते. या तीन पायऱ्यांमध्ये मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट ठेकेदाराच्या बिलासाठी लागते, तिसरी नागरिकाच्या फुप्फुसासाठी. आराखड्यात फक्त पहिलीच लिहिली, तर पाच वर्षे सर्व उद्दिष्टे पूर्ण होत राहतील आणि धूळ तशीच राहील.

हा मुद्दा किरकोळ नाही. विज्ञान व पर्यावरण केंद्र या दिल्लीतील संस्थेने २०२४ मध्ये या कार्यक्रमाच्या खर्चाचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे ६४ टक्के निधी रस्त्यांवरील धुळीवर खर्च झाल्याचे आढळले. उद्योगांच्या धुरासाठी एक टक्काही नव्हता. याचे एक कारण मोजमापातच दडलेले आहे, असे मला वाटते. धुळीचे मोठे कण पीएम १० चा आकडा वाढवतात, आणि निधी त्याच आकड्याला जोडलेला आहे. जे वाक्य तपासले जाते, तिकडे पैसा वाहतो. म्हणूनच तपासता येण्याजोगे वाक्य लिहिताना ते योग्य गोष्ट तपासते का, हेही पाहावे लागते.

चौथ्या वाक्यातील ‘कठोर कारवाई’ हेच दाखवते. ‘दरमहा ५० जणांना दंड’ असे लिहिले तर ते मोजता येईल, पण कचरा जाळणे थांबले की दंडही थांबणार, म्हणजे यश मिळाले की उद्दिष्ट हुकणार. त्याऐवजी प्रत्येक प्रभागात गस्तीचा एक मार्ग ठरवावा, दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी त्या मार्गाने जावे आणि दिसलेल्या आगी नोंदवहीत लिहाव्यात. आगींची संख्या पहिल्या हिवाळ्याच्या तुलनेत तिसऱ्या हिवाळ्यात निम्म्यावर आली की नाही, हे ती नोंदवही सांगेल.

व्याख्येचा प्रश्न

आकडा, तारीख आणि नोंदवही असूनही एखादे वाक्य वाचकाला चकवू शकते. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावांपर्यंत वीज पोहोचल्याचे जाहीर झाले. ते विधान सरकारी व्याख्येप्रमाणे खरे होते. परंतु ती व्याख्या अशी होती की, गावात विजेची मूलभूत यंत्रणा उभी राहिली, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज आली आणि दहा टक्के घरांना जोडणी मिळाली, की गाव विद्युतीकृत झाले. उरलेली नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी वाक्य खोटे ठरत नव्हते. म्हणून आराखड्यातील प्रत्येक मोजमापाची व्याख्या त्याच पानावर, सामान्य भाषेत यायला हवी. परिशिष्टात दडवलेली व्याख्या ही व्याख्या नसल्यासारखीच.

अधिकाऱ्यांशी या विषयावर बोलताना दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, इतके नेमके लिहिले तर उद्या लेखापरीक्षणात प्रत्येक हुकलेला आकडा आमच्या गळ्यात पडेल. ही भीती खोटी नाही. शहराच्या हवेतील बराचसा धूर शहराबाहेरच्या शेतांतून, वीटभट्ट्यांतून आणि वीजकेंद्रांतून येतो, आणि त्यांवर महापालिकेचा अधिकार चालत नाही. परंतु यावर उपाय संदिग्धता हा नसून अट हा आहे. ‘पालिकेच्या हद्दीबाहेरील स्रोतांवर हा आराखडा काही वचन देत नाही’ असे सरळ लिहावे. ‘निधीचा पहिला हप्ता जूनपर्यंत मिळाल्यास’ असे लिहावे. अंदाज पक्का नसेल तर २०१९ च्या मूळ उद्दिष्टाप्रमाणे २० ते ३० असा पल्ला द्यावा. ‘शक्य तेथे’ आणि ‘आवश्यकतेनुसार’ या शब्दांनी अधिकाऱ्याचे संरक्षण होते असे वाटते. प्रत्यक्षात कोणत्या कारणाने काम झाले नाही हे सांगण्याची सोयच त्यामुळे नाहीशी होते. लिहिलेली अट प्रामाणिक अधिकाऱ्याच्या कामी येते, पळवाट मात्र सर्वांच्या.

दुसरा आक्षेप राजकीय आहे: लोकांना स्वप्न लागते, नोंदवही नव्हे. प्रस्तावनेच्या पानावर स्वप्न जरूर असावे. पण ज्या पानावर पैशांची तरतूद आहे, त्या पानावर ते नसावे. केंद्रीय अर्थसंकल्पाचेच उदाहरण घ्या. भाषणात अलंकार भरपूर असतात. परंतु २०२१ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजकोषीय तूट २०२५-२६ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.५ टक्क्यांच्या खाली आणण्याचे सांगितले, तेव्हा त्या वाक्यात अलंकार नव्हता. त्या एका वाक्यामुळे पुढच्या प्रत्येक अर्थसंकल्पाला त्याच्याशी आपला हिशोब जुळवावा लागला. शहराच्या हवेला इतके काटेकोर वाक्य का मिळू नये?

मराठी किंवा हिंदीतील शासकीय गद्याची एक सवय या संदर्भात मुद्दाम सांगायला हवी. ‘केले जाईल’, ‘राबविण्यात येईल’, ‘घेण्यात येईल’ ही कर्मणी रचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण तिच्यात करणारा नसतो. मसुदा तपासताना अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि कर्ता विचारावा. उत्तर व्यक्तीचे नाव नसावे, कारण बदल्या होतात. ते पदाचे नाव असावे. ‘आरोग्य अधिकारी दर महिन्याच्या पाच तारखेला गस्तीची नोंदवही संकेतस्थळावर प्रसिद्ध करतील’ असे म्हटले की जबाबदारी खुर्चीला चिकटते.

याचा सर्वांत मोठा लाभ नागरिकाला आहे. माहितीचा अधिकार कायदा, २००५ नुसार कार्यालयाकडे असलेली नोंद मागता येते. नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘धुळीवर प्रभावी नियंत्रण ठेवले का?’ या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देणे लागत नाही. परंतु आराखड्यातच वजनकाट्याची नोंदवही नमूद असेल, तर दहा रुपयांच्या अर्जावर तिची प्रत मागता येते. आराखड्यात नोंदवहीचे नाव लिहिणे म्हणजे नागरिकाच्या हाती अर्जाचा मजकूर देणे होय.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. शहरांचे पुढचे आराखडे हरकती-सूचनांसाठी खुले होतील, तेव्हा प्रत्येकासोबत एक तक्ता जोडणे बंधनकारक करावे. त्यात प्रत्येक वचनापुढे पाच रकाने असावेत: आजची स्थिती, अपेक्षित स्थिती, तारीख, जबाबदार पद आणि पुराव्याची नोंद. ज्या वाक्याचे हे रकाने भरता येत नाहीत, ते प्रस्तावनेत हलवावे आणि त्यासाठी एक रुपयाही मागू नये.